सात, पाच, सात, पाच: स्पॅनिश अंगाई कशी बांधतात

स्पॅनिशमध्ये लहान मुलासाठी अंगाई लिहायला बसलं की हात आधी यमकांच्या यादीकडे जातो. लूना म्हणजे चंद्र, त्याला कूना म्हणजे पाळणा जुळतो. कामा म्हणजे पलंग, त्याला मामा म्हणजे आई जुळते. यातली पहिली जोडी बरोबर आहे आणि दुसरी चूक, पण ती चूक का, हे कळायला आधी ओळी मोजायला शिकावं लागतं. स्पॅनिश अंगाईत यमक मोजणीच्या पोटातून येतं. म्हणून इथे आपण एक छोटी अंगाई पहिल्या ओळीपासून बांधू आणि कुठे काय बिघडतं तेही पाहू.

स्पेनमध्ये अंगाईला नाना म्हणतात. कॅनरी बेटं, अर्जेंटिना आणि उरुग्वे इथे आरोर्रो हा शब्द चालतो. स्पेनच्या दक्षिणेकडे, आंदालुसियात, नानाचा एक फार जुना आणि सोपा साचा आहे: चार ओळींचं कडवं, पहिल्या ओळीत सात अक्षरं, दुसरीत पाच, तिसरीत सात, चौथीत पाच. यमक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत. या साच्याला सेगिदिया म्हणतात आणि त्यावर नाचाची गाणीही होतात. एकाच साच्यावर लोक नाचतात आणि मूलही झोपतं, हे मला फार आवडतं. फरक सगळा गाण्याच्या गतीत आहे.

आपलं कडवं हे:

ला लूना बा एन सू बार्का
पोर ला लागूना,
ई मी नीन्या से मेसे
कोमो ला लूना.

अर्थ साधा आहे. चंद्र आपल्या होडीतून तळ्यावर चाललाय आणि माझी मुलगी चंद्रासारखी डोलतेय. स्पॅनिशमध्ये चंद्र स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे मुलीची आणि त्याची जोडी सहज जमते. देवनागरीत लिहिताना मी दीर्घ ई-ऊ वापरले आहेत ते फक्त सोयीसाठी. स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घ असा भेदच नाही. स्वर पाचच, आ, ए, ई, ओ, ऊ, आणि कुठलाही स्वर ताणला म्हणून शब्द बदलत नाही. आपल्याकडे वृत्तात लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरतात. तो हिशेब इथे बाजूला ठेवायचा. इथे प्रत्येक अक्षर म्हणजे एक, मग ते ‘ला’ असो की ‘बार’. आणि ओवीत अक्षरं थोडी कमी-जास्त झाली तरी गाणारी बाई सांभाळून घेते, तशी सवलतही इथे कमी मिळते.

आता मोजू. दुसरी ओळ: पोर, ला, ला, गू, ना. पाच. चौथी: को, मो, ला, लू, ना. पाच. तिसरी: ई, मी, नी, न्या, से, मे, से. सात. इथे ‘न्या’ हे न आणि य जोडून म्हणायचं नाही. जीभ टाळूला सपाट लावून जो ञ निघतो, तो हा आवाज.

पहिली ओळ मात्र बोटांवर मोजली तर आठ येते: ला, लू, ना, बा, एन, सू, बार, का. तरी स्पॅनिश कान तिला सातच धरतो. एक शब्द स्वराने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला, की ते दोन स्वर एका अक्षरात मिसळतात. ‘बा एन’ हे म्हणताना ‘बाएन’ असं एका दमात होतं. याला सिनालेफा म्हणतात. ही काही कवींनी घेतलेली सूट नाही. रस्त्यावर बोलतानाही लोक असंच बोलतात. म्हणून ओळ कागदावर मोजायची नाही, तोंडाने म्हणून मोजायची.

नवशिक्याचं पहिलं घोडं अडतं ते इथेच. मी हीच ओळ आधी वेगळी लिहून पाहिली होती: ‘ला लूना एस्ता एन एल आग्वा’, म्हणजे चंद्र पाण्यात आहे. शब्द सुटे मोजले तर अक्षरं नऊ. पण ‘ना’ आणि ‘एस’ जुळतात, ‘ता’ आणि ‘एन’ जुळतात, आणि ओळ बरोबर सात अक्षरांची होते. छंदाच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. तरी मी ती सोडली, कारण दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी ती गिचमिड होते. इतके शब्द एकमेकांत मिसळले की ‘लूना’ कुठे संपलं आणि पुढचा शब्द कुठे सुरू झाला ते त्याला ऐकूच येत नाही. मोठ्यांच्या कवितेत सिनालेफा जितके जास्त तितकी ओळ रेशमी वाटते. तान्ह्यांच्या गाण्यात ओळीमागे एखादा पुरतो.

मोजणीचा आणखी एकच नियम आहे, आणि तो ओळीच्या शेवटाशी लागतो. स्पॅनिशमध्ये प्रत्येक शब्दात एका अक्षरावर आघात असतो. ओळीच्या शेवटच्या शब्दात तो उपान्त्य अक्षरावर असेल, जसा लू-ना मध्ये ‘लू’वर, तर आहे तेवढीच अक्षरं मोजायची. आघात अगदी शेवटच्या अक्षरावर असेल तर हिशेबात एक वाढवायचं. शेवटून तिसऱ्यावर असेल तर एक वजा करायचं. ऐकताना हा नियम विचित्र वाटतो, पण त्यामागचं कारण सरळ आहे. गाणाऱ्याच्या दृष्टीने ओळ शेवटच्या आघातापर्यंत जाते आणि त्यानंतर एक उतार घेते. शब्दात उताराला अक्षर नसेल तर त्या जागी आवाज लांबतो किंवा शांतता येते, पण ती जागा राहतेच.

उदाहरण घेऊ. ‘द्वेर्मे’ म्हणजे झोप, झोपी जा. पाच अक्षरांच्या ओळीसाठी कोणी लिहिलं, ‘द्वेर्मे, कोरासोन’, झोप गं माझ्या हृदया. मोजलं तर द्वेर, मे, को, रा, सोन, पाच. पण आघात शेवटच्या ‘सोन’वर आहे, म्हणून हिशेबात सहा. चालीवर म्हटलं की ओळ हमखास अडखळते. त्याऐवजी ‘द्वेर्मे, मी आमोर’ घ्या, झोप माझ्या लाडक्या. ‘मी’ आणि ‘आ’ मिसळून एक झाले, म्हणजे द्वेर, मे, म्या, मोर, चार. आघात शेवटी, म्हणून पाच. बसली.

आता यमकाकडे परत येऊ. स्पॅनिश यमक शेवटच्या आघाताच्या स्वरापासून सुरू होतं, त्याच्या आधीचं काही बघत नाही. कामा या शब्दात आघात ‘का’वर आहे, म्हणून त्याचा यमकात येणारा भाग ‘आ-मा’. मामा या शब्दात आघात दुसऱ्या ‘मा’वर आहे, म्हणून यमकात येतो फक्त शेवटचा ‘आ’. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, कानाला जुळत नाहीत. आणि चालीसाठी कोणी मामा हा शब्द पहिल्या अक्षरावर जोर देऊन गायला, तर शब्दच बदलतो. वडिलांसाठीच्या पापा या शब्दात जोर शेवटी असतो. तो पुढे आणला की लॅटिन अमेरिकेत त्याचा बटाटा होतो. ज्या मुलाची भाषा अजून घडते आहे त्याला शब्दाचा आघात गाण्यातूनच मिळतो, म्हणून ही काळजी घ्यायलाच हवी.

आपल्या कडव्यात लागूना आणि लूना हे पूर्ण यमक आहे, ‘ऊ-ना’ दोन्हीकडे. पण लोकगीतातल्या नानांना तेवढंही लागत नाही. त्यांना फक्त स्वर जुळले तरी पुरतात, व्यंजनं वेगळी असली तरी चालतात. पुढचं कडवं मुद्दाम तसं केलं आहे:

द्वेर्मे, मी नीन्या, द्वेर्मे,
मामा ते मीमा,
द्वेर्मे, मी नीन्या, द्वेर्मे,
ला नोचे एस तीब्या.

झोप, माझ्या मुली, झोप, आई तुला कुरवाळतेय, झोप, माझ्या मुली, झोप, रात्र उबदार आहे. मीमा आणि तीब्या. आघाताचा स्वर ई, शेवटचा स्वर आ, मधली व्यंजनं वेगळी. मराठी कानाला हे अर्धवट वाटतं, कारण आपल्याकडे ‘बाळा’ला ‘टाळा’ लागतो, ‘मासा’ लावला तर यमक चुकलं असंच आपण म्हणू. स्पॅनिशमध्ये मात्र शेकडो वर्षांची लोककविता याच स्वर-यमकावर उभी आहे. पाचच स्वर आणि तेही कधी पुसट न होणारे, त्यामुळे दोन स्वरांची जोडी एवढी ठळक ऐकू येते की मधल्या व्यंजनाकडे लक्षच जात नाही. लिहिणाऱ्याला याचा मोठा फायदा होतो. पूर्ण यमकासाठी शब्द ओढून-ताणून आणावे लागत नाहीत आणि अंगाई बोलण्यासारखी राहते. (शेवटच्या ओळीत ‘चे’ आणि ‘एस’ जुळतात, म्हणून तीही पाचच.)

यमकाचा एक शॉर्टकट प्रत्येक स्पॅनिश आईच्या तोंडात असतो, तो लाडाचा प्रत्यय. नीन्याची नीन्यीता, लूनाची लूनीता, कामाची कामीता. सगळ्यांच्या शेवटी ‘ईता’ आणि सगळे एकमेकांना जुळतात. मोठ्यांच्या कवितेत हे स्वस्त यमक मानलं जातं. मुलांच्या गाण्यात मला ते योग्यच वाटतं, कारण पुढचा शब्द कसा संपणार हे मुलाला आधीच कळतं आणि अंगाईत तेच हवं असतं. फक्त प्रत्येक प्रत्ययाने एक अक्षर वाढतं हे विसरू नका. ‘कोमो ला लूना’ पाच आहे, ‘कोमो ला लूनीता’ सहा होतं. प्रत्यय घातला की ओळीतला दुसरा एखादा शब्द काढावा लागतो.

सोपे आवाज कोणासाठी?

अंगाईत सोपे आवाज हवेत असं म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. गाणारी व्यक्ती मोठी आहे, तिला सगळे आवाज येतात. झोपणाऱ्या मुलाला फक्त ऐकायचं आहे. म्हणून जुन्या नानांमध्ये ‘आरोर्रो’सारखा जोरात घोळवलेला र बिनधास्त येतो, जरी स्पॅनिश मुलांना हा दुहेरी र सगळ्यात शेवटी जमणाऱ्या आवाजांपैकी एक असला तरी. पाच वर्षांची मुलंही त्यात अडखळलेली दिसतात. ऐकायला तो घरघरणारा, लयबद्ध आवाज छान गुंगी आणतो. पण मूल दीड-दोन वर्षांचं झालं की ते सोबत म्हणू लागतं, आणि त्या वयासाठी अंगाई लिहायची तर त्याच्या तोंडात बसणारे आवाज ओळीच्या शेवटी, म्हणजे जिथे ते साथ देणार तिथे, ठेवायला हवेत. म, प, ब, न, त हे आवाज लवकर येतात. स थोडा उशिरा, एकेरी र आणखी उशिरा. ‘द्वेर्मे’मधला र बरीच मुलं गाळतात आणि ‘द्वेमे’ म्हणतात. त्याने काही बिघडत नाही, अक्षरं तेवढीच राहतात.

त्या वयासाठी तिसरं कडवं असं:

या द्वेर्मे एल पातो,
या द्वेर्मे एल गातो,
द्वेर्मे, मी नीन्या,
द्वेर्मेते उन रातो.

बदक झोपलं, मांजर झोपलं, झोप माझ्या मुली, झोप थोडा वेळ. इथे साचा बदलला आहे. चारही ओळी पाच-पाच अक्षरांच्या: या, द्वेर, मेल, पा, तो. शेवटच्या ओळीत द्वेर, मे, तेउन, रा, तो. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला ‘आ-तो’चं यमक. पहिल्या दोन ओळी एकाच साच्याच्या, फक्त एक शब्द बदलतो. नुसती ओळ पुन्हा म्हणणं वेगळं आणि साचा तोच ठेवून एक शब्द बदलणं वेगळं. पहिल्याने मूल शांत होतं, दुसऱ्याने ते शब्द उचलतं. दुसऱ्या कडव्यातली ‘द्वेर्मे, मी नीन्या, द्वेर्मे’ ही पहिल्या प्रकारची पुनरुक्ती, म्हणून ती थकलेल्या मुलासाठी. बदक-मांजर अजून जागं असलेल्यासाठी.

कडवं काम करतंय का हे तपासायचं असेल तर चार-सहा रात्री ते गाऊन झाल्यावर ‘या द्वेर्मे एल पा’ इथे थांबा. मुलाने ‘तो’ म्हटलं, किंवा नुसतं तुमच्या तोंडाकडे वाट बघत पाहिलं, तरी यमक पोचलं. काहीच झालं नाही, तर बहुधा तुम्ही ओळ फार पटकन गाताय किंवा तिच्यात शब्द जास्त आहेत. प्राणी वाढवायचे तर दोन अक्षरांचे, पहिल्यावर आघात असलेले आणि ‘आ-तो’ने संपणारे शब्द शोधावे लागतात, आणि ते फार नाहीत. म्हणून यमक सोडून ‘या द्वेर्मे एल ओसो’, अस्वल झोपलं, असं करायचा मोह होतो. तो टाळा. ओळ मोजणीत बसते, पण मुलाने ज्या आवाजाची वाट पाहिली तो येत नाही आणि ते डोळे उघडून बघतं.

चाल, आणि ती उदास का असते

कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी 1928 साली माद्रिदमधल्या रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस या संस्थेत स्पॅनिश अंगायांवर एक व्याख्यान दिलं होतं. देशभर फिरून ऐकलेली गाणी त्यांच्या समोर होती. मुलांची पहिली झोप रंगवायला स्पेन सगळ्यात खिन्न चाली आणि सगळ्यात उदास शब्द वापरतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. कारणही त्यांनी दाखवलं: ही गाणी गरीब बायकांनी घडवली. काहींना आपलं मूल हे सुख आणि ओझं दोन्ही होतं. काही दाया आणि मोलकरणी श्रीमंत घरांतली मुलं निजवत होत्या आणि आपली गाणी त्या घरांत घेऊन जात होत्या. अंगाईत कोको नावाचा बागुलबुवाही येतो, तो झोप न येणाऱ्या मुलाला न्यायला येतो. 1799 मध्ये छापलेल्या, स्पॅनिश चित्रकार गोयाच्या कोरीव चित्रमालिकेत एक चित्र याच कोकोचं आहे. पांघरूण घेतलेली आकृती, आईला बिलगलेली घाबरी मुलं. मी स्वतः दोन वर्षांच्या मुलाच्या गाण्यात कोको घालणार नाही. पण जुन्या नाना वाचताना तो भेटला तर दचकू नका.

चालीतली उदासी मराठी गळ्याला सोपी जाते. आंदालुसियातल्या बऱ्याच जुन्या चाली ज्या स्वरसप्तकात आहेत, त्याचे स्वर म्हणजे आपला भैरवी थाट, रे, ग, ध, नी चारही कोमल. आणि त्या चाली शेवटी ज्या उतारावर विसावतात तो उतार म्हणजे म, कोमल ग, कोमल रे, सा. पाच अक्षरांची ओळ त्यावर अशी बसते: ‘को’ आणि ‘मो’ मध्यमावर, ‘ला’ कोमल गंधारावर, ‘लू’ कोमल रिषभावर थोडा रेंगाळत, ‘ना’ षड्जावर. आघाताचं अक्षर लांबवायचं आणि शेवटचं हळू सोडायचं. मेक्सिको किंवा चिलीतल्या अनेक अंगायांत हा उतार नसतो, त्या शुद्ध स्वरांत आणि उजळ असतात. पण सात-पाचच्या साच्याला तो फार शोभतो. सातची ओळ वर जाते, पाचची उतरते. पाचच्या ओळीत दोन अक्षरं कमी असल्याने शेवटी जी रिकामी जागा उरते, त्यात झोका परत येतो. त्या जागेत घाईने पुढची ओळ सुरू केली की अंगाईचं बडबडगीत होतं.

उच्चाराचं थोडक्यात. त आणि द आपले दंत्यच, ट-ड नाहीत. प आणि क मध्ये हकार नको. लिहिताना व असला तरी म्हणताना ब, म्हणून ‘बा’. ‘मेसे’ हा शब्द स्पेनच्या बहुतेक भागात जीभ दातांमध्ये धरून ‘मेथे’च्या जवळ जातो. आंदालुसियाच्या बऱ्याच भागात, कॅनरी बेटांवर आणि लॅटिन अमेरिकेत सरळ ‘मेसे’. घरात जो प्रकार बोलला जातो तोच गा.

मुलगा असेल तर ‘मी नीन्या’च्या जागी ‘मी नीन्यो’ करा. हा शब्द कुठेही यमकाच्या जागी नाही, त्यामुळे बाकी काही बदलत नाही. मुलाचं नाव घालायचं असेल तर तिसऱ्या कडव्याची तिसरी ओळ त्यासाठी मोकळी आहे, कारण तिला यमक नाही. पण मोजून घाला. मीरा सरळ बसते: ‘द्वेर्मे, मी मीरा’, पाच. अनन्याला सिनालेफा गाठतो: ‘द्वेर्मे, अनन्या’ म्हटलं तर ‘मे’ आणि ‘अ’ मिसळून ओळ चारवर येते. तिथे ‘मी’ परत आणायचा, ‘द्वेर्मे, मी अनन्या’, म्हणजे द्वेर, मे, म्या, नन, या, पाच. कबीरचा आघात स्पॅनिश तोंडात शेवटी जाईल, म्हणून ‘द्वेर्मे, कबीर’ ही चार अक्षरांची ओळ हिशेबात पाच भरते आणि तिथे ‘मी’ घालायचा नाही. गाताना ‘बीर’ थोडा लांबवा, म्हणजे उताराची जागा भरून निघते.